सोडून चाललेल्या सहकाऱ्यासाठी शिफारसपत्र : खरं वाटेल असं कसं लिहायचं?

ऋतुजा_म
माझ्या टीममधली एक मुलगी या महिन्याच्या शेवटी नोकरी सोडतेय. आमचं यंत्रांच्या सुट्या भागांचं गोदाम आहे, ती तिथला स्टॉक बघायची, चार वर्षं थेट मला रिपोर्ट करत होती. आता एका मोठ्या कंपनीत ऑपरेशन्स लीडच्या जागेसाठी तिचं बोलणं चालू आहे आणि त्यांनी आधीच्या मॅनेजरचं शिफारसपत्र मागितलंय. मी आनंदाने हो म्हटलं, लिहायला बसले आणि हे उतरलं :

"…या आमच्याकडे चार वर्षे कार्यरत होत्या. त्या अत्यंत मेहनती, प्रामाणिक व मनमिळाऊ आहेत. दिलेले काम वेळेत पूर्ण करतात व सहकाऱ्यांना मदत करण्यास सदैव तत्पर असतात. त्यांच्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा."

यातलं एकही वाक्य खोटं नाही, पण हेच पत्र मी ऑफिसातल्या कोणालाही देऊ शकले असते. ती गेल्यावर आमचं खरंच अडणार आहे, आणि ते यात कुठेच येत नाहीये. ज्यांनी अशी पत्रं लिहिलीत किंवा ज्यांच्या टेबलावर ती येतात, त्यांनी प्लीज सांगा, काय करू?

वाटसरू
अहो हे तर एचआरचं काम आहे ना? राजीनामा मंजूर झाला की अनुभवपत्र आणि रिलिव्हिंग लेटर तेच देतात. तुम्ही फक्त सही करायची.

ऋतुजा_म
वाटसरू, ते वेगळं, ते तिला मिळेलच. त्यात फक्त हुद्दा आणि तारखा असतात. हे माझं मत मागणारं पत्र आहे.

खटाटोप
मी एचआरमध्ये आहे म्हणून सांगतो. दोन नियम. एक, आकडे टाका, जेवढे मोठे तेवढे चांगले. दोन, उणं काही म्हणजे काहीच लिहायचं नाही. एक शब्द जरी कमी-जास्त झाला तरी समोरचा तेवढाच धरून बसतो. आणि हो, कंपनीच्या लेटरहेडवर लिहायच्या आधी एचआरला विचारा, बऱ्याच ठिकाणी तारखा आणि हुद्दा याच्यापलीकडे कंपनीच्या नावाने काही द्यायला परवानगी नसते.

पाऊलवाट
खटाटोप यांचा लेटरहेडचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, तो आधी निस्तरा. परवानगी नसेल तर साध्या कागदावर, "मी त्यांची थेट मॅनेजर होते आणि हे माझं व्यक्तिगत मत आहे" असं स्पष्ट लिहून देता येतं, पण तेही आधी विचारून, कारण काही ठिकाणी तेसुद्धा चालत नाही.

बाकी दोन नियमांशी मात्र मी सहमत नाही. माझ्याकडे भरतीच्या वेळी अशी पत्रं येतात. मी वाचताना पहिल्यांदा काय बघतो सांगू का, लिहिणाऱ्याने या माणसाला किती जवळून पाहिलंय. "मेहनती" हा शब्द मी वाचतच नाही, नजर आपोआप पुढे सरकते. पण "दर सोमवारी स्टॉकच्या फरकाची यादी घेऊन ती माझ्यासमोर बसायची" असं एक वाक्य आलं की मी थांबतो, कारण हे वाक्य दुसऱ्या कोणासाठी लिहिताच आलं नसतं.

तर ऋतुजा, पत्र बाजूला ठेवा आणि आम्हाला आधी सांगा. ती गेल्यावर नेमकं काय अडणार आहे?

अबोली
+१. आणि तिचं एक काम सांगा जे कोणी तिला सांगितलं नव्हतं.

ऋतुजा_म
बरं सांगते, जरा लांबण लागेल.

आमच्याकडे एक जुनं दुखणं होतं. सिस्टीममध्ये माल दिसायचा, ऑर्डर घेतली जायची, आणि माणूस रॅकपाशी गेला की माल नाही. मग ऑर्डर रद्द, ग्राहक चिडलेला. सगळे म्हणायचे मोजणी नीट होत नाही, म्हणून आम्ही मोजणी वाढवली, फरक काही पडला नाही. ही म्हणाली मला रद्द झालेल्या ऑर्डरी द्या. दोन महिन्यांच्या ऑर्डरी घेऊन तिने एकेक पार्ट मागे मागे शोधत नेला, आणि तिला दिसलं की बहुतेक गोंधळ परत आलेल्या मालाचा आहे. ग्राहकाकडून परत आलेलं खोकं गेटवर उतरलं की तिथेच सिस्टीममध्ये "आला" अशी नोंद व्हायची आणि तो पार्ट लगेच विक्रीला उपलब्ध दिसायचा. प्रत्यक्षात तो तपासणीच्या टेबलावर पडलेला असायचा, आणि त्यातला बराचसा तुटका किंवा चुकीचाच असायचा. म्हणजे मोजणी चुकत नव्हतीच, नोंद लवकर होत होती.

तिने सुचवलं की परत आलेल्या मालासाठी सिस्टीममध्ये एक वेगळं होल्ड लोकेशन करायचं, तपासणी झाली की मगच माल तिथून रॅकच्या लोकेशनला हलवायचा. आधी एकाच कंपनीच्या पार्ट्सवर करून दाखवलं, मग सगळीकडे लावलं. त्याआधी महिन्याला चाळीसच्या आसपास ऑर्डरी माल न सापडल्याने रद्द व्हायच्या, नंतर सहा-सात.

शांतनू
वा! हे सोडून तुम्ही "मनमिळाऊ" लिहिलंत 😀

खटाटोप
बघा, हेच मी म्हणत होतो. "रद्द ऑर्डरींमध्ये ८० टक्क्यांहून जास्त घट" असं ठळक अक्षरात टाका, झालं काम.

पाऊलवाट
थांबा, घाई नको. ऋतुजा, तीन प्रश्न, कारण समोरचा अनुभवी असेल तर तो फोन करून हेच विचारेल.

त्या काळात एकूण ऑर्डरी कमी झाल्या होत्या का? तसं असेल तर रद्द होणाऱ्याही आपोआप कमी होणार.
सिस्टीममधलं होल्ड लोकेशन तिने स्वतः केलं की आयटीने?
आणि हे आकडे बाहेर सांगायला कंपनीची हरकत नाही ना?

ऋतुजा_म
रिपोर्ट काढून बघितले. आधीच्या तीन महिन्यांत महिन्याला साधारण ११०० ऑर्डरी होत्या, नंतरच्या तीन महिन्यांत १२००. म्हणजे ऑर्डरी वाढल्याच. लोकेशन आयटीतल्या एकाने करून दिलं, आणि गेटवरच्या माणसांना नवीन पद्धत शिकवायला आमचा शिफ्ट सुपरवायझर होता. शोध, कल्पना, पहिली चाचणी आणि दोन्ही शिफ्टच्या मागे लागून ती पद्धत टिकवणं हे मात्र पूर्ण तिचं. आकड्यांचं विचारलं, आमचे साहेब म्हणाले एकूण ऑर्डरींची संख्या देऊ नका, टक्केवारी चालेल.

पाऊलवाट
उत्तम. ४० भागिले ११०० म्हणजे शंभरात साडेतीनच्या थोडं वर, आणि ७ भागिले १२०० म्हणजे शंभरात एकाहूनही कमी. तर "शंभर ऑर्डरींमागे साडेतीनच्या आसपास रद्द व्हायच्या, तीन महिन्यांत ते प्रमाण एकाच्या खाली आलं" असं लिहा. ८० टक्के घट हेही खरंच आहे, पण ते जाहिरातीसारखं वाटतं. कुठून कुठे आलं हे दिसलं की वाचणारा स्वतः हिशोब करतो आणि त्याचा विश्वास बसतो.

आणि आयटीचं, सुपरवायझरचं काम अर्ध्या वाक्यात नक्की लिहा. तुम्हाला वाटेल त्याने तिचं श्रेय कमी होतं. उलट होतं. तिचा वाटा कुठे संपतो हे सांगितलंत की उरलेला वाटा तिचाच आहे हे पटतं. मुलाखतीत तिला कोणी विचारलं "सिस्टीममध्ये बदल कसा केला?" तर ती खरं सांगणार की आयटीने केला, आणि पत्रात वेगळं असेल तर तुम्हा दोघींवरचाही भरवसा गेला. म्हणून पत्र पाठवायच्या आधी तिला एकदा वाचायलाही द्या.

केतकी
माझा प्रश्न जरा वेगळा आहे पण इथेच विचारते. माझ्या मॅनेजरने मला सांगितलं "तूच लिहून आण, मी सही करतो". मी तीन ओळी लिहून थांबले, स्वतःचं कौतुक कसं लिहायचं? आणि हे योग्य आहे का मुळात?

शांतनू
केतकी, असं खूप ठिकाणी चालतं. माझ्याही बाबतीत झालं होतं. लिहून दिलं, त्यांनी न वाचता सही केली. पुढे नवीन कंपनीने त्यांना फोन केला तर त्यांना पत्रात काय आहे हेच माहीत नव्हतं. तिथे माझी चांगलीच पंचाईत झाली.

पाऊलवाट
केतकी, पूर्ण पत्र लिहून देऊ नका. एक पानभर टिपणं द्या : कोणत्या तारखेपासून कोणतं काम, तुम्ही केलेली दोन-तीन कामं आणि त्यांचे आकडे, ज्या जागेसाठी जाताय तिचं वर्णन, आणि पत्र कधीपर्यंत हवं. वाक्यं त्यांची राहू द्या. नाहीतर दोन सहकाऱ्यांनी एकाच जागेसाठी अर्ज केला आणि दोन पत्रांची भाषा सारखी निघाली, असंही मी पाहिलंय.

निरंजन
धाग्यावर उशिरा आलो. ऋतुजा, तुमच्या पहिल्या मसुद्यातले शब्द पुन्हा बघा : मेहनती, मनमिळाऊ, मदत करण्यास तत्पर. हेच पत्र एखाद्या पुरुष सहकाऱ्यासाठी लिहिलं असतं तर हेच शब्द आले असते का? आरोप करत नाहीये, खरंच विचारतोय. ट्रिक्स आणि सेन्का या दोन संशोधिकांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापकांच्या जागांसाठी आलेली तीनशेहून जास्त शिफारसपत्रं तपासली होती, २००३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. स्त्रियांसाठीची पत्रं सरासरीने आखूड निघाली, आणि मनात शंका पेरणारी वाक्यं त्यात जास्त होती. लिहिणाऱ्यांच्या मनात वाईट काही असेलच असं नाही, हात आपोआप तसा वळतो. तुमची सहकारी लीडच्या जागेला चाललीये. तिने शोधून काढलं, ठरवलं, लावून धरलं, ही क्रियापदं हवीत.

अबोली
निरंजन, मुद्दा मान्य. पण मनमिळाऊ असणं हा गोदामात छोटा गुण नाहीये हो. दोन शिफ्टच्या लोकांना नवीन नियम पाळायला लावायचा आणि भांडण होऊ द्यायचं नाही, हे काम आहे. गुण काढू नका, तो कशातून दिसला ते लिहा.

निरंजन
हे जास्त बरोबर आहे. घेतलं.

ऋतुजा_म
निरंजन, प्रश्न मनाला लागला, चांगल्या अर्थाने. काल रात्री पुन्हा लिहिलं. अबोली म्हणाली तेही त्यात आलंय. नाव गाळलंय.

"मी या कंपनीत गोदाम व्यवस्थापक आहे. (नाव) यांनी चार वर्षे थेट माझ्या हाताखाली स्टॉक नियंत्रणाचे काम केले, आणि या काळात आमचे रोजचे काम एकत्र होते.

त्यांच्याबद्दल सांगायचे तर मी परत आलेल्या मालाचे उदाहरण देईन. सिस्टीममध्ये दिसणारा माल रॅकवर सापडत नाही ही आमची जुनी अडचण होती आणि आम्ही सगळे ती मोजणीतली चूक समजत होतो. (नाव) यांनी कोणी न सांगता रद्द झालेल्या ऑर्डरी एकेक करून मागे तपासल्या आणि दाखवून दिले की परत आलेला माल तपासणीआधीच विक्रीयोग्य म्हणून नोंदला जात होता. त्यांनी अशा मालासाठी वेगळे होल्ड लोकेशन सुचवले, एका उत्पादकाच्या भागांवर चाचणी घेतली आणि मग ते सर्व मालाला लागू केले. सिस्टीममधील बदल आयटी विभागाने केला आणि गेटवरील प्रशिक्षण शिफ्ट सुपरवायझरने दिले. कारण शोधणे, उपाय ठरवणे आणि दोन्ही शिफ्टमध्ये तो टिकवणे हे (नाव) यांचे काम होते. माल न सापडल्याने रद्द होणाऱ्या ऑर्डरींचे प्रमाण शंभरामागे साडेतीनच्या आसपास होते, ते तीन महिन्यांत एकाच्या खाली आले. सुरुवातीला गेटवरील लोकांचा या बदलाला विरोध होता, कारण त्यांचे काम वाढत होते. (नाव) आठवडाभर त्यांच्या शिफ्टला थांबल्या आणि त्यांच्याच सूचनेवरून नोंदीचा फॉर्म अर्ध्यावर आणला.

सुरुवातीच्या काळात त्या महत्त्वाची मोजणी दुसऱ्यावर सोपवत नसत. गेल्या वर्षभरात त्यांनी दोन नव्या सहकाऱ्यांना तयार केले, आणि आईच्या आजारपणामुळे त्या दोन आठवडे रजेवर होत्या तेव्हा महिनाअखेरची मोजणी त्यांच्याविना वेळेवर व बिनचूक पार पडली.

माणसे आणि माल दोन्ही सांभाळण्याच्या जागेसाठी मी त्यांची निःसंकोच शिफारस करते. पुन्हा संधी मिळाली तर मी त्यांना आनंदाने परत घेईन. अधिक माहितीसाठी मला खालील क्रमांकावर फोन करावा."

शांतनू
फॉर्म अर्ध्यावर आणला ते वाचून मीच तिला नोकरी देईन असं वाटलं.

अबोली
खूपच सुंदर. एकच, आईचं आजारपण काढा. तिची घरची गोष्ट आहे, ती सांगायची की नाही हे तिने ठरवायचं. "दोन आठवडे रजेवर होत्या" एवढं पुरतं.

ऋतुजा_म
अगदी खरं. काढलं.

खटाटोप
पत्र छान आहे हे मान्य. पण "सोपवत नसत" हे वाक्य मला अजूनही खुपतंय. लीडची जागा आहे, आणि तुम्ही तिथेच सांगताय की तिला काम सोपवता येत नव्हतं? वाचणारा घाईत असतो. त्याच्या लक्षात पहिला अर्धा भागच राहील.

पाऊलवाट
मला ते वाक्य पत्रातलं सगळ्यात मजबूत वाटतं. लीडच्या जागेसाठी समोरच्याला एकच शंका असते, की ही बाई स्वतः उत्तम काम करते पण दुसऱ्यांकडून करून घेऊ शकेल का. ऋतुजांनी तीच शंका स्वतः उचलली आणि पुराव्याने उत्तर दिलं, ती नसताना मोजणी झाली. उणीव नुसती लिहून सोडली असती तर मीही काढा म्हटलं असतं.

निरंजन
मी इथे थोडा खटाटोप यांच्या बाजूने. वर ज्या शंका पेरणाऱ्या वाक्यांबद्दल बोललो, त्यात हे बसू शकतं. क्रम उलटा केला तर? आधी "त्यांनी दोन सहकाऱ्यांना असे तयार केले की त्या रजेवर असताना मोजणी बिनचूक झाली", आणि मग "चार वर्षांत त्यांच्यात झालेला हा मोठा बदल मी जवळून पाहिला, आधी त्या हे काम स्वतःच करत". तीच माहिती, पण वाक्य संपतं तेव्हा हातात उणीव नसते… म्हणजे, शेवटी "आधी" येतंय खरं, ते अजून घोळवायला हवं.

पाऊलवाट
क्रम उलटा करायला हरकत नाही, पण "मोठा बदल" हे विशेषण नको. बदल केवढा ते वाचणाऱ्याला ठरवू द्या.

खटाटोप
आपलं यावर जमणार नाही पाऊलवाट 😀 मी काढलंच असतं.

वाटसरू
मी सुरुवातीला चुकीचं समजलो होतो, पण वाचत राहिलो. एक शंका. यात "आमच्या सर्वोत्तम कर्मचारी" असं कुठेच नाही. समोरच्याला वाटणार नाही का की मॅनेजरने हात राखून लिहिलंय?

पाऊलवाट
चांगला प्रश्न. "सर्वोत्तम" लिहायचं तर कोणांमध्ये ते सांगावं लागतं. "आजवर माझ्या हाताखाली स्टॉकचं काम केलेल्यांमध्ये" असं म्हणता आलं आणि ते खरं असेल तर जरूर लिहावं, फार वजनदार वाक्य आहे ते. पण पुढच्या वर्षी दुसऱ्यासाठी पत्र लिहाल तेव्हा तेच वाक्य वापरता येणार नाही, हे लक्षात ठेवून. "आनंदाने परत घेईन" हे वाक्य तसंही बरंच सांगतं. मी फोन करतो तेव्हा शेवटी तेच विचारतो, परत घ्याल का, आणि उत्तर यायला किती वेळ लागतो तेही ऐकतो.

ऋतुजा_म
वाटसरू, खरं सांगायचं तर माझ्या हाताखाली स्टॉक बघणारे तिच्याआधी दोघंच होते. तिघांमध्ये सर्वोत्तम लिहून फार काही साधणार नाही, म्हणून ते टाकत नाहीये.

निरंजन, क्रम बदलला. आता असं आहे : "सुरुवातीला सगळी महत्त्वाची मोजणी स्वतः करणाऱ्या (नाव) यांनी गेल्या वर्षभरात दोन सहकाऱ्यांना असे तयार केले, की त्या दोन आठवडे रजेवर असताना महिनाअखेरची मोजणी वेळेवर व बिनचूक पार पडली." एकच वाक्य झालं आणि शेवट मोजणीवर होतो.

निरंजन
हे झकास.

खटाटोप
हं. हे मलाही चालेल. "सोपवत नसत" गेलं ना, बास.

पाऊलवाट
मला आधीचं जास्त आवडलं होतं, पण हेही सरळ आहे. तारीख, तुमचा हुद्दा आणि ऑफिसचा फोन सहीखाली टाका, खाजगी ईमेल नको. आणि तिने वाचल्यावर काय म्हणाली?

ऋतुजा_म
आज दिलं वाचायला. तिने एकच दुरुस्ती सांगितली. फॉर्म लहान करायची सूचना रात्रपाळीच्या गेटवरच्या माणसाची होती, दोन्ही शिफ्टची नाही, तर "त्यांच्याच" ऐवजी "रात्रपाळीतील सहकाऱ्याच्या" करा म्हणाली. केलं. एचआरने लेटरहेडला परवानगी दिलीये, उद्या सही करून पाठवते.

केतकी
मी काल मॅनेजरना टिपणांचं पान दिलं. त्यांनी वाचून मलाच विचारलं, "हे व्हेंडरचं काम तू केलं होतंस? मला वाटलं आधीच्या टीमने". बरं झालं पूर्ण पत्र लिहून नेलं नाही. आता त्यांनी शुक्रवारपर्यंत देतो म्हटलंय. पण नवीन ठिकाणी सांगतायत की पत्र उमेदवाराच्या हातून नको, थेट मॅनेजरच्या ईमेलवरून हवं. हे नेहमी असंच असतं का?

पाऊलवाट
काही ठिकाणी असतं. त्यांना ते तुमच्या हातातून आलेलं नको असतं एवढंच. मॅनेजरना नवीन ठिकाणच्या माणसाचा ईमेल पत्ता, अर्जाचा संदर्भ आणि शेवटची तारीख एकाच मेसेजमध्ये द्या, आणि तारखेच्या दोन दिवस आधी एकदा आठवण करा.